छिंगमिंग दरवर्षी ४-५ एप्रिललाच का येतो? चिनी पंचांगातील सौर पर्वांविषयी

क्षितिजरेषा
चीनमध्ये पूर्वजांच्या कबरी झाडून स्वच्छ करण्याचा जो छिंगमिंग नावाचा दिवस आहे, त्याच्या गेल्या तीन वर्षांच्या तारखा मी आपल्या गुढीपाडव्याशेजारी लिहून पाहिल्या. २०२३ मध्ये पाडवा २२ मार्चला होता आणि छिंगमिंग ५ एप्रिलला, म्हणजे पाडव्यानंतर चौदा दिवसांनी आला. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला गेला आणि छिंगमिंग ४ एप्रिलला, म्हणजे पाडव्याच्या पाच दिवस आधीच होऊन गेला. यंदा, २०२५ मध्ये, पाडवा ३० मार्चला आणि छिंगमिंग ४ एप्रिलला झाला.

चिनी नववर्ष मात्र याच तीन वर्षांत २२ जानेवारी, १० फेब्रुवारी आणि २९ जानेवारी असे आपल्या पाडव्यासारखेच मागेपुढे झाले. एकाच पंचांगातला एक सण चंद्राबरोबर फिरतो आणि दुसरा जागचा हलत नाही, हे कसे जमते? ही तारीख नेमकी कोण आणि कशावरून ठरवते, हे कोणी सविस्तर सांगितले तर बरे होईल.

ओवी
चिनी पंचांग चांद्र आहे, त्यामुळे छिंगमिंग हा तिसऱ्या महिन्यातल्या ठरावीक तिथीचा सण असणार. ४-५ एप्रिल हा योगायोग असावा. आणखी चार-पाच वर्षे पाहिलीत तर तोही सरकलेला दिसेल.

दूर्वांकुर
मला उलटे वाटते. ज्याअर्थी तारीख हलत नाही, त्याअर्थी त्यांनी हा सण इंग्रजी कॅलेंडर स्वीकारल्यावर ५ एप्रिलला बांधून टाकला असेल, जसा आपल्याकडे बालदिन १४ नोव्हेंबरला असतो.

संपातबिंदू
ओवी आणि दूर्वांकुर, तुम्हा दोघांच्या म्हणण्यात थोडे थोडे खरे आहे, पण छिंगमिंगला तिथी नाही आणि तारीखही नाही. तो आकाशातला एक बिंदू आहे.

सूर्य वर्षभरात क्रांतिवृत्तावर जो ३६० अंशांचा फेरा करतो, त्याचे चिनी पंचांगाने १५-१५ अंशांचे चोवीस भाग केले आहेत. वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस आणि रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची जागा, हा शून्य अंश धरायचा, आणि तिथून सूर्य १५ अंश पुढे गेला की त्या क्षणी छिंगमिंग होतो. आपल्या भाषेत बोलायचे तर तो सायन, म्हणजे संपातापासून मोजलेल्या, मेषेचा पंधरावा अंश आहे. ३० अंशांवर गूयू, म्हणजे धान्याचा पाऊस, ९० अंशांवर सर्वांत मोठा दिवस आणि २७० अंशांवर दोंगझी, म्हणजे सर्वांत मोठी रात्र, अशी ही माळ आहे. चंद्र कोणत्या कलेत आहे, याचा तिच्याशी काहीही संबंध नाही.

हे इंग्रजी कॅलेंडरकडून घेतलेले नाही. इसवी सनापूर्वी १०४ मध्ये हान राजवटीने जे पंचांग लागू केले, त्यात हे चोवीस बिंदू आधीच बसवलेले होते. ग्रेगोरियन कॅलेंडरही ऋतुचक्राचाच, म्हणजे ३६५.२४२२ दिवसांच्या सायन वर्षाचाच पाठपुरावा करते, म्हणून दोघांची गाठ ४-५ एप्रिलला पडते.

ओवी यांची शंका चिनी तिथ्या पाहिल्या की फिटते. २०२३ चा छिंगमिंग अधिक दुसऱ्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी आला, २०२४ चा दुसऱ्या महिन्याच्या सव्विसाव्या दिवशी आणि यंदाचा तिसऱ्या महिन्याच्या सातव्या दिवशी. तिथी इकडून तिकडे भटकते, सूर्य मात्र तिन्ही वेळा त्याच जागी होता.

मुक्काम_सूजौ
संपातबिंदू यांनी दिलेल्या या तिथ्यांचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. मी सूजौ शहरात नोकरीला आहे. २०२४ मध्ये घरमालकीणबाईंनी मला छिंगमिंगला त्यांच्या गावी नेले होते. त्या दिवशीची चिनी तिथी, दुसऱ्या महिन्याची २६, मी वहीत लिहून ठेवली आणि यंदा त्याच तिथीला पुन्हा जायचे, असे मनाशी धरून २५ मार्चची रजा टाकली. आदल्या संध्याकाळी बाईंना विचारले, तर त्यांनी मला भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी नेऊन ४ एप्रिलच्या चौकटीवर बोट ठेवले. मी पुरते दहा दिवस आधी निघालो होतो. तिथीने वर्षश्राद्ध करणाऱ्या घरात वाढल्यामुळे पितरांचा दिवस तिथीनेच यायचा, हे मी न तपासता धरून चाललो होतो.

गावी गेल्यावर पाहिले, की लोक खरोखर झाडू घेऊन येतात, कबरीभोवतीचे गवत मुळासकट उपटतात, दगडावरची अक्षरे ओल्या फडक्याने पुसतात आणि मग फळे व छिंगथुआन मांडतात. छिंगथुआन म्हणजे दवण्याच्या जातीच्या एका पाल्याच्या रसात मळलेल्या चिकट तांदळाच्या पिठीचे हिरवे उंडे. उकडीच्या मोदकाच्या पारीसारखा त्यांचा स्पर्श असतो, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचे गोड पुरण असते आणि हाताला कडवट हिरवा वास बराच वेळ राहतो. तो पाला या दिवसांत कोवळा असतो, म्हणून त्या बाईंच्या लेखी हा सण पाल्यावरून ओळखायचा आहे. अंशांचे गणित त्यांना ठाऊक नाही.

पळसफुले
माझ्या सासऱ्यांची तिथी चैत्र शुद्ध सप्तमी आहे आणि यंदा तीही ४ एप्रिललाच आली. याचा अर्थ आपले श्राद्ध आणि त्यांचे श्राद्ध एकाच हिशोबाने चालते, असा घ्यायचा का? पितृपक्षही त्यांच्याकडे असतो का?

संपातबिंदू
पळसफुले, यंदा दोन्ही एका दिवशी आले, पण हिशोब वेगळे आहेत. पुढच्या वर्षी तुमची सप्तमी २५ मार्चच्या आसपास येईल आणि छिंगमिंग ५ एप्रिलला. त्यांच्याकडे सातव्या चांद्र महिन्याच्या पंधराव्या दिवशीही मृतांसाठी अन्न आणि दिवे ठेवतात. तो दिवस खऱ्या अर्थाने तिथीचा आहे आणि तो दरवर्षी सरकतो. पितृपक्षाशी तुलना करायचीच असेल, तर त्याच्याशी करावी.

शेतवाडी
आमच्याकडे सूर्यावर चालणारे असे काही नाही, असे कोणी समजू नये. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनलाच लागते. ज्येष्ठ महिना कुठेही असो, अधिक मास येवो न येवो, मृगाची तारीख हलत नाही. माझे आजोबा तिथी पाहून उपास करायचे आणि नक्षत्र पाहून पेरणी करायचे. रोहिणी, मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रे म्हणजे सूर्य त्या त्या नक्षत्रात शिरण्याचे दिवस आहेत. चिनी लोकांनी १५ अंशांचे तुकडे केले आणि आपण १३ अंश २० कलांचे केले, एवढाच काय तो फरक.

क्षितिजरेषा
शेतवाडी, हे उदाहरण माझ्या डोक्यातच आले नव्हते. मी फक्त मकरसंक्रांतीचा विचार करत होते.

संपातबिंदू
शेतवाडी यांची तुलना अगदी योग्य आहे, मात्र त्यांनी सांगितलेला फरक एवढ्यावर थांबत नाही. मृग आणि मकरसंक्रांत हे निरयन बिंदू आहेत, म्हणजे ते ताऱ्यांच्या संदर्भाने मोजले जातात. छिंगमिंग हा संपाताच्या संदर्भाने मोजला जातो, आणि संपात स्वतः ताऱ्यांमधून मागे सरकत असतो. त्यामुळे निरयन वर्ष सायन वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे आणि साधारण सत्तर वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकरसंक्रांतीला झाला आणि ती तारीख १२ जानेवारी होती. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. छिंगमिंग असा ऋतूपासून सुटून पुढे जात नाही.

शेतवाडी
मुद्दा समजला, पण मला तो पूर्ण पटलेला नाही. सत्तर वर्षांत एक दिवस हा फरक पेरणीच्या दृष्टीने काहीच नाही, पाऊसच पंधरा दिवस मागेपुढे होतो. ताऱ्यांना धरून राहिलेली मोजणी आमच्या चार पिढ्यांना पुरली आहे.

गणितमास्तर
मला वेगळी शंका आहे. वर्षाचे ३६५.२४२२ दिवस आहेत आणि भाग चोवीस, म्हणजे प्रत्येक भाग १५.२२ दिवसांचा. मग अंश कशाला मोजायचे? सर्वांत मोठ्या रात्रीपासून सात भाग मोजले की छिंगमिंग यायला हवा. मी २०२४ च्या २१ डिसेंबरपासून मोजून पाहिले, तर ७ एप्रिल येते. ४ एप्रिल कशी आली? कॅलेंडर छापणाऱ्यांची चूक तर नाही?

संपातबिंदू
मास्तर, तुमचा गुणाकार बरोबर आहे आणि १६४५ पूर्वीच्या चीनमध्ये तुमचेच उत्तर छापले गेले असते. या सगळ्या विषयातला मला सर्वांत प्रिय भाग हाच आहे, म्हणून जरा सावकाश लिहितो.

गेल्या वर्षीची दोंगझी पेइचिंगच्या वेळेनुसार २१ डिसेंबरला संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी झाली. तिच्यात सात समान भाग, म्हणजे १०६.५३ दिवस मिळवले, की ७ एप्रिलची सकाळ, साधारण सहाची वेळ येते. प्रत्यक्षात सूर्य १५ अंशांवर ४ एप्रिलला रात्री ८ वाजून ४८ मिनिटांनी पोहोचला. म्हणजे समान दिवसांची मोजणी जवळजवळ अडीच दिवस मागे पडली.

कारण असे, की पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा तिची गती सर्वांत जास्त असते. त्या दिवसांत सूर्य १५ अंश सुमारे १४.७ दिवसांत ओलांडतो. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी दूर आणि मंद असते, तेव्हा तेवढ्याच १५ अंशांना सुमारे १५.७ दिवस लागतात. दोंगझीपासून छिंगमिंगपर्यंतचे सातही भाग वर्षाच्या वेगवान बाजूला पडतात, म्हणून सूर्य तुमच्या हिशोबाच्या आधी पोहोचतो.

ही असमान गती चिनी गणितींना फार पूर्वीपासून माहीत होती. सूई राजवटीत ल्यू च्वो याने इसवी सन ६०० च्या सुमारास सूर्याच्या खऱ्या स्थानावरून बिंदू ठरवावेत, असे सुचवले होते. ग्रहणाच्या गणितात खरी गती वापरली जाई, पण छापील पंचांगातले चोवीस दिवस मात्र समान अंतरांचेच राहिले. १६४५ मध्ये छिंग राजवटीच्या आरंभी जेजुइट धर्मगुरू आडाम शाल फॉन बेल याच्या देखरेखीखाली तयार झालेले पंचांग लागू झाले आणि तेव्हापासून अंशांची मोजणी अधिकृत झाली. तिला विरोधही झाला. १६६५ मध्ये शालला मृत्युदंड सुनावला गेला होता, पुढे तो मागे घेतला गेला, आणि जुनी पद्धत काही वर्षांसाठी परतही आली.

ओवी
म्हणजे १६४५ च्या आधीचे लोक आजच्यापेक्षा दोन-तीन दिवस उशिरा कबरी झाडत होते. त्यांच्या दृष्टीने मात्र तो छिंगमिंगच होता. मग ‘खरा’ छिंगमिंग कोणता, हे कसे म्हणायचे?

मुक्काम_सूजौ
ओवी, इथे पुष्कळ कुटुंबे त्या दिवसाच्या काही दिवस आधी किंवा नंतरही जातात, कारण नेमक्या दिवशी रस्त्यांवर भयंकर गर्दी असते. मिनिटाचा काटेकोरपणा पंचांगाचा आहे, झाडू धरणाऱ्यांचा तेवढा नाही.

दूर्वांकुर
मला चहाविषयी विचारायचे आहे. हांगचौच्या लोंगचिंग चहाच्या पुड्यावर ‘छिंगमिंगपूर्व’ असे लिहिलेले असते आणि त्याला जास्त भाव असतो. बिंदू दरवर्षी स्थिर असेल, तर चहाचा दर्जाही दरवर्षी सारखाच यायला हवा. मला मात्र तो कमीजास्त लागतो.

शेतवाडी
दूर्वांकुर, सूर्य ठरलेल्या जागी आला म्हणून पाला ठरलेल्या दिवशी फुटत नाही. फूट येते ती जमिनीतल्या उबेने. मृग ७ जूनला लागतो, पण पाऊस लागतोच असे नाही. थंडी लांबली तर छिंगमिंगपूर्वी त्यांना थोडीच पाने मिळत असतील आणि थंडी लवकर ओसरली तर तोवर बरीच खुडून झालेली असतील.

संपातबिंदू
शेतवाडी यांचे म्हणणे अचूक आहे. बिंदूंची नावे उत्तर चीनमधल्या, पिवळ्या नदीच्या खोऱ्यातल्या हवामानावरून पडली. हांगचौ त्याहून दक्षिणेला आहे आणि तिथे लवकर फुटणाऱ्या चहाच्या जातीही लावल्या जातात. पुड्यावरचा शब्द खुडणीची मुदत सांगतो, हवेविषयी काही सांगत नाही.

पळसफुले
सूर्य १५ अंशांवर आला, हे डोळ्यांनी कसे कळते? तिथे आकाशात काही खूण तर नाही.

गणितमास्तर
याचे उत्तर मी देऊ शकतो, कारण काल ४ एप्रिलला मी पुण्यात शाळेच्या गच्चीवर मुलांबरोबर एक मीटरची काठी उभी केली होती. साडेबारा उलटून सात-आठ मिनिटे झाल्यावर सावली सर्वांत आखूड झाली, ती आम्हाला २२ सेंटीमीटरच्या जवळपास मिळाली. १५ अंशांवर सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला ५.९ अंश असतो, त्यावरून पुण्यासाठी गणिताने २२.४ सेंटीमीटर येते. पेइचिंगमध्ये तीच काठी सुमारे ६७ सेंटीमीटर सावली देईल.

अडचण अशी, की एका दिवसात ही सावली पाऊण सेंटीमीटरहूनही कमी बदलते आणि सावलीची कडा साधारण तेवढीच धूसर असते. त्यामुळे काठीवरून दिवस कसाबसा ठरतो, तास ठरत नाही. संपातबिंदू यांनी वर दिलेले ८ वाजून ४८ मिनिटे हे गणिताशिवाय येणारच नाहीत.

संपातबिंदू
फार सुरेख प्रयोग केलात, मास्तर. याच धूसर कडेमुळे क्वो शौचिंग याने तेराव्या शतकात तंगफंग येथे चाळीस चिनी फुटांचा, म्हणजे नेहमीच्या पाचपट उंचीचा सावली मोजण्याचा शंकू उभारला आणि सावलीच्या टोकाशी बारीक छिद्राची पट्टी धरून सूर्याची प्रतिमा पाडली. त्याच्या १२८१ च्या पंचांगात वर्ष ३६५.२४२५ दिवसांचे आहे.

क्षितिजरेषा
माझ्या मूळ प्रश्नाचा एक भाग अजून शिल्लक आहे. संपातबिंदू यांनी २०२३ च्या तिथीत ‘अधिक दुसरा महिना’ म्हटले. त्या वर्षी आपल्याकडे अधिक श्रावण होता. दोघांचा चंद्र एकच असताना अधिक महिना वेगळा कसा?

संपातबिंदू
नियम दोघांचा एकच आहे. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत होत नाही, तो अधिक. त्यांच्या चोवीस बिंदूंपैकी ०, ३०, ६० अंश असे एकाआड एक बारा बिंदू म्हणजे सायन संक्रांतीच आहेत. छिंगमिंग त्या बारांत नाही, तो दोन संक्रांतींच्या मधोमध आहे.

२०२३ मध्ये वसंतसंपात २१ मार्चला झाला आणि तो त्यांच्या दुसऱ्या महिन्याचा शेवटचा दिवस होता. पुढचा महिना २२ मार्चला, म्हणजे आपल्या पाडव्याच्याच दिवशी सुरू झाला आणि १९ एप्रिलला संपला. ३० अंशांवरचा गूयू २० एप्रिलला आला. त्या एकोणतीस दिवसांत एकटा छिंगमिंगच होता, संक्रांत एकही नव्हती, म्हणून तो महिना अधिक ठरला. आपल्या निरयन संक्रांती मात्र अयनांशामुळे, म्हणजे सायन आणि निरयन आरंभबिंदूंमध्ये पडलेल्या अंतरामुळे, सुमारे चोवीस अंशांनी उशिरा होतात. त्या हिशोबाने संक्रांत नसलेला महिना १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा निघाला आणि आपण त्याला अधिक श्रावण म्हटले.

दूर्वांकुर
मी संगणकावर एक छोटे सूत्र चालवून पाहिले. चिनी संकेतस्थळांवर ते बरेच प्रचलित आहे आणि या शतकासाठी छिंगमिंगची एप्रिलमधली तारीख देते.

```
y = 2026 % 100
print(int(y * 0.2422 + 4.81) - y // 4)
```

२०२३ ते २०२६ साठी ५, ४, ४, ५ अशी उत्तरे आली. दरवर्षी सुमारे पावणेसहा तास पुढे आणि लीप वर्षी एक दिवस मागे, हे यात स्पष्ट दिसते.

संपातबिंदू
सूत्र चांगले आहे, फक्त ते सरासरीवर बसवलेले असल्यामुळे क्षण मध्यरात्रीच्या जवळ आला की त्यावर विसंबू नये. अधिकृत गणित नानचिंगची पर्पल माउंटन वेधशाळा करते. आणखी एक लक्षात ठेवा. चार वर्षांत छिंगमिंग सुमारे पाऊण तास अलीकडे येतो, कारण लीप वर्ष ३६५.२५ धरून चालते. २०२२ मध्ये तो ५ एप्रिलला पहाटे ३ वाजून २० मिनिटांनी होता, २०२६ मध्ये २ वाजून ४० मिनिटांनी येईल. त्यामुळे या शतकात ४ तारखेची वर्षे वाढत जातील, आणि २१०० हे लीप वर्ष नसल्यामुळे पुन्हा एक दिवसाची उडी बसेल.

ओवी
माझी बहीण लंडनला राहते आणि तिच्या शेजारी एक चिनी कुटुंब आहे. पुढच्या वर्षीचा पेइचिंगचा २ वाजून ४० मिनिटांचा क्षण लंडनमध्ये ४ एप्रिलच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास येईल. ते कुटुंब कोणता दिवस पाळेल?

मुक्काम_सूजौ
छापील पंचांग पेइचिंगच्या वेळेचे आहे, म्हणून ५ एप्रिल. माझे इथले सहकारी तरी तसेच सांगतात.

ओवी
पण संपातबिंदू यांनी सुरुवातीलाच म्हटले होते, की छिंगमिंग म्हणजे तो क्षण. आणि तो क्षण लंडनमध्ये चार तारखेलाच आहे. मी बहिणीला शेजाऱ्यांनाच विचारायला सांगितले आहे, उत्तर आले की इथे लिहीन.